बुधवारची गोळी

किरणपाणीचा पूल मागे पडला, आरोंद्याची घरं दिसू लागली, तरी शेवंतीवैनीचं बोलणं त्या गोळीवरून हटत नव्हतं. कोरगावातून उजाडताना निघाल्यापासून ती तेच बोलत होती. चालता चालता मधेच थांबायची, पदराने मानेचा घाम पुसायची आणि पुन्हा सुरू.

"त्या कृष्णनाथान काय दिल्यान कोण जाणे. मलेरियाची गोळी म्हणता आणि माणसाक झोप येवची नाय, ह्या खंयचा औषध?"

विनिता तिच्या बरोबरीने चालत होती. दोघींची घरं एका कुंपणाची. विनिता बायकांचे ब्लाऊज शिवते, संध्याकाळी देवळात आरतीला जाते आणि शेजारणीचं ऐकून घेते. रेडीच्या गणपतीला चालत जायचा नवस शेवंतीवैनीचा होता. मुलगा सागर पुढच्या आठवड्यात आफ्रिकेत गिनी नावाच्या देशात निघाला होता, लोखंडाच्या खाणीवर मशीन चालवायला. तो सुखरूप जाऊन सुखरूप यावा म्हणून हा मंगळवारचा नवस. विनिता नुसती सोबत होती.

पण गेल्या चार-पाच दिवसांत सागरचं काहीतरी बिनसलं होतं, हे कुंपणाच्या या बाजूलाही कळत होतं. पहाटे विनिता फुलं काढायला उठली की तो पडवीत उभा असायचा. एकदा त्याने तिला हाक मारून विचारलं, "मामी, काजीखाली कोण उभा आसा?" काजूच्या झाडाखाली कुणी नव्हतं. आणि उद्या बुधवार, त्याच्या तिसऱ्या गोळीचा दिवस.

"उद्याची देवची काय नाय, ता सांग," शेवंतीवैनी म्हणाली. "नाय दिली आणि थंय जावन मलेरिया झालो, तर? दिली आणि अजून बिघडलो, तर?"

"मग कृष्णनाथाक विचारलंस काय?"

"नाय."

"डॉक्टराक?"

"नाय गो."

विनिताच्या मनात एक काटा रुतला. ती शेवंतीवैनीला पस्तीस वर्षं ओळखत होती.

शेवंतीवैनी म्हणजे कुणावर पटकन विश्वास न टाकणारी बाई. पदेराकडचे पावाचे उंडे ती दाबून बघते, कालचे तर नाहीत ना म्हणून. नारळ घेतला तर कानाशी हलवते आणि पुन्हा पाडणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. काजूच्या बिया विकायच्या तर घरून मापून नेते आणि दुकानातल्या काट्याला आधी रिकामा झुलू द्यायला लावते. एकदा विनिताने म्हापशाहून तिच्यासाठी बटणं आणली, त्यात एक वेगळं निघालं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ती स्वतः म्हापशाला गेली आणि बदलून घेऊन आली. लोक हसतात. ती म्हणते, "हसा. माका फसवूक कोणाक जमूक नाय, ह्याच खूप झाला."

हा स्वभाव तिला उगाच लागला नव्हता. लग्न होऊन आली आणि वर्षभरात नवऱ्याबरोबर साखळीला खोली करून राहिली. जयराम खाणीच्या टिपरवर ड्रायव्हर. साखळीत त्या काळी कोण आज आहे, कोण उद्या नाही, कळायचं नाही. खोलीला खिडकी म्हणून एकच जनेल, त्यातून दिवसभर तांबडी धूळ. शेजारी माणसं बदलत राहायची. कुणी भांडी उसनी नेली ती गेलीच. तिथेच सागर वाढला, तिथेच मशीन शिकला. मग खाणी बंद पडल्या. मशिनं उन्हात गंजत उभी राहिली आणि ही तिघं कोरगावात काजीच्या बागेकडे परत आली. जयराम त्यानंतर फार जगला नाही.

असं असताना, एका बटणासाठी म्हापशाला जाणारी ही बाई, मुलाला झोप उडवणारी गोळी ज्याने दिली त्याच्या पेडण्यातल्या दुकानाची पायरी पुन्हा चढली नव्हती. नुसती रस्त्यावर त्याच्या नावाने बोटं मोडत होती. हे विनिताला पटेना.

तिला तो पेडण्याचा दिवस आठवला. तीही होती तेव्हा, दुकानात. शेवंतीवैनीने तिला सोबत नेलं होतं. "चार तोंडां बघून तो जरा जपून बोलतलो," असं म्हणाली होती. सागर होता, त्याची बायको कोमल होती. कोमल लग्न होऊन आली त्याला दोन वर्षं झाली होती. बोलायला मोकळी, कामाला वाघ.

कृष्णनाथ चाळिशीचा माणूस. चष्मा कपाळावर ढकलून बोलायची सवय. औषधांचं शिक्षण घेतलेला, पेडण्याच्या बाजारात त्याचं दुकान. शेवंतीवैनीने आधी पिशवीतून एक जुनी पट्टी काढून त्याच्यापुढे ठेवली. जयरामला साखळीत मलेरिया झाला होता, त्या वेळी उरलेल्या गोळ्या.

"ह्योच घेवंदे ना तेका. घरात पडलेल्या आसत."

कृष्णनाथने पट्टी उलटीपालटी केली. "काकी, ही क्लोरोक्विन. एक तर हिची मुदत कधीच संपली. आणि नवी असती तरी गिनीत उपयोगाची नाही. तिथल्या मलेरियाच्या जंतूला हे औषध आता लागू पडत नाही. आणि तिथला मलेरिया आपल्याकडच्या साध्या थंडीतापासारखा नाही, डोक्यात जाणारा. त्याच्यासाठी दुसरी गोळी, आणि ती ताप यायच्या आधीपासून घ्यायची."

"आजार नाय तर गोळी कित्याक?"

"छत्री पाऊस पडायच्या आधी घेऊन निघता ना?"

"मी आभाळ बघून निघतंय," शेवंतीवैनी म्हणाली. कोमल हसली.

मग कृष्णनाथने सांगितलं. चिठ्ठी डॉक्टरचीच लागेल, पण आधी कोणती सोयीची ते बघू. तो सागरकडे बघून बोलत होता, कारण घ्यायची त्याला होती. एक गोळी अटोवाक्वोन आणि प्रोग्वानिल या दोन औषधांची मिळून. निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची, तिथे रोज एक जेवणाबरोबर, आणि परत आल्यावर फक्त सात दिवस. पोटात दुखणं, डोकं दुखणं, एवढाच तिचा साधारण त्रास. पण ती इथे सहज मिळत नाही, मागवावी लागते. येईल की नाही, कधी येईल, याची खात्री नाही, आणि महिनोनमहिने पुरवायची म्हणजे भलती महाग पडते. दुसरी डॉक्सीसायक्लिन. तीही निघायच्या दोन दिवस आधी सुरू, तिथे रोज, पण परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवायची. जेवण झाल्यावर भरपूर पाणी पिऊन घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर घशात, छातीत जळजळतं. आणि उन्हाने कातडी भाजते, म्हणून लांब बाह्या घालायच्या, टोपी घालायची.

"खाणीवर ऊन सोडून आसा काय?" सागर म्हणाला. दुकानात तो बोललेला तेवढाच.

"मशिनीच्या केबिनीत सावली असते की. आणि तिसरी ही. मेफ्लोक्विन. आठवड्यातून एकदाच. लांब मुक्कामाला आपल्याकडे डॉक्टर बहुतेक हीच लिहितात. पण ही निघायच्या दोन-तीन आठवडे आधीच सुरू करायची, आणि आल्यावर पुढे चार आठवडे, दर आठवड्याच्या त्याच वारी. आधी सुरू करायची याचं एक कारण असं, की त्रास व्हायचा असला तर घरात असतानाच कळावा. काहींना विचित्र स्वप्नं पडतात, झोप लागत नाही, चक्कर येते, मन अस्वस्थ होतं. मशीन चालवणाऱ्याने चक्कर येते का बघायला हवं. म्हणून विचारतो, सागर. कधी फिट आलेली? मनाचा काही त्रास, निराशा, त्याची औषधं कधी घेतलेली?"

सागरने तोंड उघडलं असेल-नसेल. शेवंतीवैनी मधे आली. "नाय. तसला काय नाय आमच्यात."

"घरात कोणाला?"

"नाय म्हटलां मां."

कृष्णनाथने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. त्याने सागरकडेच बघून पुन्हा विचारलं. सागरने मान हलवली. ती नाही म्हणून हलवली, की नुसती हलली, विनिताला तेव्हा समजलं नाही. तिला वाटलं, वैनीच्या स्वभावाप्रमाणे ती परक्या माणसाच्या चौकशीने चिडली.

"आठवड्याचीच बरी," शेवंतीवैनी म्हणाली. "रोज गोळी घेताना कोणी बघितला तर लोक काय म्हणतले. माणूस आजारी आसा म्हणतले."

"थंय कोण बघता गो आये?" कोमल म्हणाली.

"तू गप."

त्याच वेळी कृष्णनाथने कोमलला विचारलं, "तू मेणकुऱ्याची ना? बघितल्यासारखी वाटतेस. माझी सासुरवाडी मेणकुरं."

कोमल खूश झाली. मग त्यांची कोणत्या वाड्यावरची, कुणाची कोण, अशी दोन मिनिटं गेली. विनिताला आता आठवलं, त्या दोन मिनिटांत शेवंतीवैनीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने पिशवीची नाडी बोटाभोवती गुंडाळली होती आणि सोडली होती.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे सागर आणि कोमल गेली. डॉक्टरांनीही तेच विचारलं असणार. कोमल शेजारच्या खुर्चीवर बसलेली. सागरने काय उत्तर दिलं असेल ते आता विनिताला न सांगता कळत होतं. चिठ्ठी आली, गोळी आली, बुधवार ठरला. पहिला बुधवार गेला, काही झालं नाही. दुसरा गेला आणि तिसऱ्या दिवसापासून त्याची झोप गेली.

आरोंद्याच्या पुढे रस्त्याला वडाची सावली होती, बाजूला कठडा. विनिता तिथे बसली.

"दमलंस?" शेवंतीवैनीने विचारलं.

"नाय. बस हडे जरा. एक विचारतंय, रागावू नको. दुकानात त्यान विचारला, तेव्हा तू सागराक बोलाक दिलंस नाय. कित्याक?"

"त्याका काय येता बोलाक?"

"तीस वर्षांचो झालो तो. तुका खऱ्यान गोळीचो संशय आसतो तर तू पहिल्या दिवशी कृष्णनाथाच्या दुकानात जावन त्याका उभो-आडवो घेतलं असतंस. तू गेलंस नाय. तुका गोळीचो संशय नाय वैनी. तुका काय झालां ता म्हायत आसा."

शेवंतीवैनी उभीच राहिली. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, तिच्या मागे माशांची पाटी बांधलेली. तिचा वास विरल्यावर शेवंतीवैनी विनिताच्या बाजूला, पण दोन हात सोडून बसली.

"त्याका कावीळ झाली होती, आठवता?"

"आठवता. खाणी बंद पडल्या त्या सालात. तुम्ही साखळीच्या खोलीतच होतात."

"कावीळ नाय ती."

विनिताला तो काळ लख्ख आठवला. सागरला कावीळ झाली म्हणून कळलं तेव्हा ती वैद्याकडून काढा घेऊन दोन बस बदलून साखळीला गेली होती. शेवंतीवैनीने तिला दारातूनच परत पाठवलं होतं. कावीळ लागते, आत येऊ नको म्हणाली होती. काढ्याची बाटली मात्र घेतली होती. विनिताने त्या पोरासाठी सोमवार धरले होते.

"काढो काय केलंस?"

"मोरीत ओतलंय," शेवंतीवैनी म्हणाली. तिने लपवलं नाही.

मग तिने सांगितलं ते मान खाली घालून, तुटक तुटक. काम गेलं. आधी तो गप्प झाला. मग झोपेना. मग म्हणू लागला, खाणीच्या वजनकाट्यावरची माणसं आपल्याविषयी बोलतात. काटा बंद पडून तीन महिने झाले होते, तिथे माणूस नव्हतं. एक दिवस तो बंद खाणीच्या पाण्याच्या कडेला बसलेला सापडला, जयरामलाच सापडला. मग पणजीच्या बाजूला डॉक्टरकडे नेलं. वर्षाहून जास्त रोज गोळी. बरा झाला, अगदी बरा. डॉक्टरांनी हळूहळू गोळी बंद केली. कोरगावात कुणाला कळू दिलं नाही. स्थळं बघताना बोलली नाही. कोमलला नाही, मेणकुऱ्याच्या माणसांना नाही.

"म्हणान माका रोजची गोळी नको होती," ती म्हणाली. "ती पट्टी, तो पाण्याचो पेलो, तो रोज सकाळी त्याचो हात पुढे येवचो. माका ता परत बघूचा नव्हता. आणि कोमलान विचारलां असता, रोज कसली गोळी? मग मलेरियाची ह्या म्हायत आसून पण माका वाटला, तिका वास लागतलो."

"आणि कृष्णनाथ मेणकुऱ्याचो जावय निघालो."

"निघालो मां. माका वाटला, मी हय तोंड उघडला तर सांजेक बातमी थंय."

विनिताला राग आला होता, काढ्याचा नव्हे, किंवा थोडासा काढ्याचाही. पण त्या दुकानात तो माणूस नेमका हाच प्रश्न विचारत होता, दोनदा विचारला, आणि ही आई उत्तर पदराखाली धरून उभी होती. आणि आता चालली होती गणपतीला सांगायला.

"फोन दी," विनिता म्हणाली.

"रेडीक जावन येवया. देवाक भेटल्यार मग."

"देव रेडीसून उठान जायत नाय. उद्या बुधवार आसा. फोन दी."

शेवंतीवैनीने पिशवीतून फोन काढला. हातात धरून ठेवला. मग दिला. दुकानाचा नंबर औषधाच्या पिशवीवर होता, तो तिला पाठ होता. न गेलेल्या दुकानाचा नंबर तिने पाठ केला होता, हे बघून विनिताला तिची कीव आली.

कृष्णनाथने तिसऱ्या घंटीला घेतला. विनिताने फोन दोघींच्या मधे धरला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. कोण बोलते, कुणाविषयी, पूर्वी काय होतं, आता काय होतंय. शेवंतीवैनी समोरच्या शेताकडे बघत होती, दुसऱ्या कुणाच्या घरचं ऐकावं तशी.

विनिताला वाटलं, आता तो बोलणार, मी विचारलं होतं म्हणून. तो तसं बोलला नाही.

"उद्याची गोळी द्यायची नाही," तो म्हणाला. "पहिली गोष्ट ती. त्याचा असा पूर्वीचा त्रास असेल तर ही गोळी त्याच्यासाठी नव्हेच. आजच डॉक्टरकडे न्या. जमलं तर त्याचे जुने डॉक्टर, नाहीतर इथले, पण सगळं सांगून. जुने कागद असतील ते घेऊन."

"गोळी बंद केल्यार उद्यापासून झोप येतली मां?" शेवंतीवैनीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"लगेच नाही काकी. ही गोळी अंगातून हळू जाते, काही आठवडे राहते. म्हणूनच सांगतो, तोवर त्याला एकट्याला सोडू नका. गाडी चालवू देऊ नका. जिवाचं बरंवाईट बोलला, किंवा आणखी बिथरला, तर डॉक्टरची वेळ बघत बसू नका, थेट इस्पितळात न्या. आत्ता त्याच्याजवळ कोण आहे?"

"कोमल आसा."

"तिला माहीत आहे?"

शेवंतीवैनी गप्प. कृष्णनाथ समजला.

"तिला माहीत हवं. तिच्याजवळ माणूस आहे आणि तिलाच माहीत नाही काय बघायचं ते, हे बरोबर नाही. रात्रीची तीच असते त्याच्याजवळ."

"म्हणजे नोकरी गेली त्याची?"

"ते डॉक्टर ठरवतील, मी नाही. जायचं ठरलं तर रोजची गोळी लिहून देतील बहुतेक, डॉक्सीसायक्लिन. ती दोन दिवस आधी सुरू करता येते, म्हणून त्या बाजूने वेळ गेलेली नाही. रोज, जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर. अॅसिडिटीची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्या सोबत नाही, ती वेगळ्या वेळी. परत आल्यावर चार आठवडे, बरं वाटतं म्हणून मधेच सोडायची नाही. आणि गोळी घेतली म्हणून मच्छरदाणी सोडायची नाही. आल्यावर वर्षभरात कधी ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, आणि गिनीला होतो हे आपणहून सांगायचं. पण आधी डॉक्टर म्हणू देत, जायचं की नाही. गोळीशिवाय मात्र पाठवू नका. घाईने तर नकोच."

विनिता मनात सगळं धरून ठेवत होती. शेवंतीवैनी फोनच्या जवळ सरकली.

"कृष्णनाथ, मेणकुऱ्याक सांगशी?"

"काकी, दुकानातलं दुकानात राहतं. माझ्या सासूबाईंना साखरेचा त्रास आहे, पाच वर्षं झाली, त्यांच्या सख्ख्या जावेला पण ठाऊक नाही."

फोन बंद झाला. शेवंतीवैनीने तो पिशवीत टाकला आणि विनिताकडे बघितलं. "आता आमका ठाऊक झाला," ती म्हणाली.

विनिताला हसू आलं, आणि हसताना लाजही वाटली. "माणूस आसा तो. तुका धीर देवक बोललो."

"आसात बापडो."

रेडीपर्यंत अजून बरंच चालायचं होतं. विनिताने कठड्याजवळ उभं राहून त्या दिशेला हात जोडले. तिथूनच. नवस पुरा झाला नाही याचं तिला वाईट वाटलं, पण फार नाही. देवळात आरतीला येणारी एक बाई म्हणायची, देवाकडे जाताना वाटेत घरचं काही आठवलं तर तोच प्रसाद समजावा आणि मागे फिरावं. शेवंतीवैनीने हात जोडले नाहीत. तिने कठड्याखाली काढून ठेवलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या आणि तोंड कोरगावकडे केलं.

आरोंद्याच्या तिठ्यावर रिक्षा मिळाली. रिक्षावाला सगुण म्हणून ओळखीचा निघाला, सकाळी त्यांना रेडीच्या वाटेवर बघितलेला. "रेडीसून इतक्यात?" त्याने विचारलं. "उन्हान डोक्या दुखला," शेवंतीवैनीने एका श्वासात सांगितलं. खोटं तिच्या तोंडून किती सहज येतं, हे तिलाच ऐकू आल्यासारखं झालं. ती बाहेर तोंड करून बसली.

पूल आला. तेरेखोलच्या पाण्यावर ऊन पडलं होतं. विनिताने वैनीचाच फोन घेऊन कोमलला लावला. सागर काय करतो, एवढंच विचारलं. कोमल म्हणाली, जेवायला बसला नाही, पडवीत बसलाय, मी मिरच्या निवडत त्याच्याजवळच बसल्येय. मग जरा थांबून ती म्हणाली, "मामी, ते म्हणतात मी त्यांचे फोन चोरून ऐकतंय. मी कित्याक ऐकू?" विनिताने सांगितलं, तू तिथून उठू नको, आम्ही येतो. फोन ठेवला तेव्हा शेवंतीवैनी तिच्याकडेच बघत होती. सगळं तिला ऐकू गेलं होतं.

"ता चेडू माझ्यार विश्वास ठेवन आला होता," ती म्हणाली. "मी तिका पारखून घेतलंय. तिची माणसां तीन तीनदा तपासलंय. कोणाक काय आजार, कोणी पळान गेला काय, कर्ज काय. आणि माझ्या घरचा एकान विचारला तर..."

तिने पिशवीची नाडी बोटाभोवती गुंडाळली.

विनिताने तिचा हात धरला नाही. तिला वाटलं, आत्ता धरला तर ती सैल पडेल आणि रडण्यातच गोष्ट निभावून नेईल. घरी रडून चालणार नव्हतं. डॉक्टरकडे जायचं होतं.

रिक्षा वाडीच्या तोंडाशी थांबली. पुढे पायवाट. दोघी उतरल्या. वर, काजीच्या पलीकडे पडवीचा कोपरा दिसत होता आणि त्यात कोमलची निळी साडी. सागर खांबाला टेकून बसला होता. त्यांना बघून तो उभा राहिला आणि त्याने मान वळवून काजीखाली बघितलं.

"तू सांगतंस काय कोमलाक?" विनिताने विचारलं. "नायतर मी सांगतंय. माका जमात."

शेवंतीवैनी पायवाटेच्या सुरुवातीला उभी राहिली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला.

"तू नको," ती म्हणाली. "तू सांगलंस तर ती म्हणतली शेजारणीक म्हायत आणि माका नाय. मी सांगतंय. पण तू हलू नको थंयसून. माझी जीभ माका म्हायत आसा. मी कावीळ म्हणतलंय, नायतर म्हणतलंय थोडो ताप होतो, नायतर तिच्याच माथ्यार घालतलंय की तू नीट जेवक घालूक नाय म्हणान झाला. मी तसा काय बोलूक लागलंय तर गप रवू नको गो विनिता. तिच्या समोर, माझ्या झिलाच्या समोर, सरळ म्हण, वैनी, तू खोटा बोलतंस. इतक्याच कर माझ्यासाठी."